एचडीएमआयवर बॉक्स एरर देतोय: दोष टीव्हीत, बॉक्समध्ये की वायरीत?

गावभाग_सांगली

मंडळी, टीव्हीचं एक कोडं सुटत नाहीये. सगळी माहिती एकदमच देतो.

३२ इंची एचडी रेडी एलईडी टीव्ही आहे. वळिवाच्या पावसात वीज कडाडली आणि टीव्हीचा मेन बोर्ड गेला. कंपनीचा बोर्ड मिळत नव्हता, म्हणून दुकानात युनिव्हर्सल बोर्ड बसवून, सॉफ्टवेअर मारून दिलं. पॅनल जुनंच आहे. चित्र, आवाज, रिमोट सगळं व्यवस्थित.

आता केबलचा एचडी बॉक्स एचडीएमआयने जोडला की सुरुवातीला बॉक्सचा लोगो दिसतो. चॅनेल लागायची वेळ आली की पडदा काळा होतो आणि मध्ये इंग्रजी चौकट येते. तिच्यात HDCP असा शब्द आहे. दोन्ही एचडीएमआय पोर्टवर तेच. तोच बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडला तर सगळे चॅनेल दिसतात. आणि लॅपटॉप एचडीएमआयने जोडला तर चित्र एकदम स्वच्छ.

दुकानदार म्हणतो बॉक्स खराब. केबलवाला म्हणतो टीव्ही खराब. नवीन बॉक्स घ्यायचा की बोर्ड बदलून मागायचा, तेवढं ठरवायचं आहे.

मिरज_जंक्शन

आधी वायर बदलून बघा. बोर्डाचं नंतर.

कुपवाडकर

लॅपटॉप चालतोय ना? मग टीव्हीचे पोर्ट चांगले, वायरही चांगली. उरला कोण? बॉक्स. पिवळ्या वायरीवर चॅनेल दिसतात म्हणजे बॉक्स आतून ठीक आहे, फक्त त्याचं एचडीएमआय गेलंय. वीज पडली तेव्हा बॉक्सही त्याच बोर्डाला लावलेला असणार. केबलवाल्याकडून बॉक्स बदलून घ्या, दुकानदाराला कशाला त्रास.

सोल्डरगन

कुपवाडकर, वायर आणि पोर्टबद्दल तुमचं बरोबर आहे, पण त्यावरून टीव्ही निर्दोष ठरत नाही. एचडीसीपी म्हणजे चित्राची नक्कल होऊ नये म्हणून त्याला लावलेलं कुलूप, टीव्हीकडे चावी असेल तरच ते उघडतं. लॅपटॉपचा डेस्कटॉप दाखवायला एचडीसीपी लागतच नाही. लॅपटॉप टीव्हीला फक्त "तुला कोणतं चित्र चालतं?" एवढं विचारतो आणि चित्र पाठवतो. बॉक्स त्यापुढे जाऊन "तुझी चावी दाखव" असं म्हणतो. ज्या परीक्षेला टीव्ही बसलाच नाही, त्या परीक्षेत तो पास झाला असं लॅपटॉपवरून कसं म्हणणार?

गावभागदादा, तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात कामाची गोष्ट ती चौकट आहे. पडद्यावरचा संदेश कोण लिहितंय ते आधी ओळखायचं. "No Signal" हे टीव्ही स्वतः लिहितो, त्याच्या मेन्यूच्याच अक्षरांत. एचडीसीपीची चौकट बॉक्स लिहितो. खात्री करायची असेल तर चौकट पडद्यावर असताना बॉक्सची एचडीएमआय वायर काढा. चौकट गायब होऊन "No Signal" आलं, म्हणजे चौकट बॉक्सचीच होती.

आता बघा, बॉक्सने लिहिलेली चौकट तुम्हाला वाचता येते, याचा अर्थ चित्र बॉक्सपासून पॅनलपर्यंत पोचतंय. बॉक्स ती चौकट कुलूप न लावता पाठवतो, म्हणून दिसते. एचडीएमआयच्या १९ पिना असतात. १ ते १२ चित्राच्या. १८ नंबरवर बॉक्स टीव्हीला ५ व्होल्ट देतो, ते मिळाले की टीव्ही १९ नंबर वर उचलून "मी इथे आहे" म्हणून कळवतो. १५ आणि १६ या दोघांच्या बोलण्याच्या. टीव्हीला काय चालतं ती यादी याच दोन पिनांवरून वाचली जाते आणि एचडीसीपीची देवाणघेवाणही याच दोन पिनांवरून होते. लोगो दिसतोय, म्हणजे बॉक्सच्या चित्राच्या पिना आणि ही हजेरीची जोडी चालू आहे. मग दोषाला जागा दोनच: १५-१६ ची वाट, किंवा दोन्ही टोकांपैकी एकीकडची चावी.

टीव्हीच्या बाजूची १५-१६ आणि वायर तपासायला मात्र लॅपटॉप उपयोगी आहे. तोच लॅपटॉप त्याच वायरीने जोडा, विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशनची यादी बघा. तुमच्या पॅनलचं 1366x768, शिवाय 1280x720 आणि 1920x1080 असं दिसत असेल तर यादी नीट वाचली गेली, वाट मोकळी आहे. फक्त 1024x768 किंवा 640x480 वर अडकलं आणि नावाच्या जागी साधं "Generic" आलं, तर १५-१६ मध्ये खोट आहे.

युनिव्हर्सल बोर्ड म्हटल्यावर माझा संशय चावीवर आहे. पण संशयावर पैसे घालू नका, आधी दोन अदलाबदली करा. एक, हाच बॉक्स याच वायरीने शेजारच्यांच्या टीव्हीला लावा. दोन, चावी मागणारी दुसरी एखादी वस्तू, म्हणजे स्ट्रीमिंग स्टिक किंवा दुसरा एचडी बॉक्स, तुमच्या टीव्हीला लावा. एकावर थांबू नका, दोन्ही करा. काही बॉक्स आणि काही टीव्ही एकेकटे चांगले असून एकमेकांशी जमवून घेत नाहीत, ते फक्त दोन्ही बाजूंनी बघितलं की कळतं.

तासगाव_द्राक्षबाग

माझाही असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारते. मुलाच्या खोलीत कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर आहे, एचडीएमआय असलेला. त्याला एचडी बॉक्स लावला तर "Input Not Supported" येतं आणि मॉनिटर झोपतो. म्हणजे यालाही चावी नाही का?

सोल्डरगन

ताई, तुमचा दोष वेगळ्या जातीचा आहे. "Input Not Supported" मॉनिटर लिहितोय. त्याला चित्र मिळतंय, पण ज्या वेगाने मिळतंय तो वेग त्याला झेपत नाही. आपल्याकडचे बॉक्स बहुतेक सेकंदाला ५० च्या हिशोबाने चित्र देतात आणि ते बऱ्याचदा 1080i असतं, म्हणजे एकाआड एक ओळी पाठवलेलं. कॉम्प्युटरचे बरेच मॉनिटर ६० वर बांधलेले असतात, त्यांना ५० चालत नाही आणि एकाआड एक ओळी तर त्याहून नाही.

बॉक्स आधी टीव्हीला जोडा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट 720p करा, "ऑटो" असेल तर काढून टाका, मग मॉनिटरला लावा. बॉक्समध्ये ६० चा पर्याय असला तर तोही बघा. त्यानंतर चित्र आलं आणि पुन्हा एचडीसीपीची चौकट उमटली, तर मग चावीचा विचार करू. मॉनिटरला एचडीएमआय आहे म्हणून एचडीसीपी असेलच असं नाही, आणि आवाजासाठी मॉनिटरला स्पीकर किंवा हेडफोनचं भोक आहे का तेही बघून ठेवा.

तासगाव_द्राक्षबाग

भोक आहे. संध्याकाळी 720p करून बघते.

वाईकर

आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला हाच एरर दिसतो तो लाईट जाऊन आल्यावर. टीव्ही स्टँडबायमध्ये येतो, बॉक्स मात्र सरळ चालू होतो. बॉक्स चावी मागतो तेव्हा टीव्ही झोपलेला असतो. काही बॉक्स थोड्या वेळाने पुन्हा विचारतात, काही एकदाच विचारून एरर धरून बसतात. बोर्ड बदलण्याआधी क्रम बदलून बघा. दोन्हीचे प्लग काढा, एखादं मिनिट थांबा, आधी टीव्ही चालू करा, एचडीएमआयचा इनपुट निवडा, पडद्यावर "No Signal" येऊ द्या, आणि मगच बॉक्सला लाईट द्या.

कुपवाडकर

वाईकर, पण असं असतं तर कधी तरी चालला असता. यांच्याकडे कधीच चालत नाही असं म्हणतायत.

वाईकर

म्हणतायत, पण दर वेळी कोणत्या क्रमाने लावलं ते लिहिलेलं नाही. फुकटची चाचणी आहे, ती आधी.

हळद_पेठ

मंगल कार्यालयात प्रोजेक्टरला १५ मीटरची एचडीएमआय वायर भिंतीतून नेली आहे. लॅपटॉप लावला की चित्र येतं, पण बारीक पांढऱ्या चांदण्या चमकतात. बॉक्स लावला तर चित्र येतं, दोन-तीन सेकंदांनी जातं, पुन्हा येतं. हा चावीचा प्रकार की वायरीचा?

सोल्डरगन

वायरीचा, जवळपास नक्की. चांदण्या म्हणजे चित्राच्या पिनांवर सिग्नल कमी पडतोय. एचडीसीपी बिघडला तर चांदण्या येत नाहीत. तेव्हा एकतर पडदा काळा होतो, नाहीतर अख्ख्या पडद्यावर रंगीत खळबळ दिसते, जुन्या टीव्हीवर चॅनेल नसताना मुंग्या यायच्या तशी, आणि तिच्यातून काहीच ओळखू येत नाही.

येणं-जाणं का होतं तेही सांगतो. एचडीसीपीची जुनी पद्धत, म्हणजे १.४ पर्यंतची, एकदा ओळख पटली की विसरून जात नाही. बॉक्स साधारण दर दोन सेकंदांनी टीव्हीकडून एक आकडा वाचतो आणि स्वतःच्या आकड्याशी ताडून बघतो. वायर लांब असली की १५-१६ वर सिग्नल हळू चढतो, कारण लांबीबरोबर वायरीची विद्युत साठवण वाढते. एचडीएमआयच्या नियमात अख्ख्या वायरीला ७०० पिकोफॅरड एवढीच मुभा आहे. आकडा चुकीचा वाचला गेला की बॉक्स चित्र बंद करतो, पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घेतो, चित्र देतो, दोन सेकंदांनी पुन्हा तेच.

बॉक्स प्रोजेक्टरपाशी नेऊन दीड मीटरच्या वायरीने लावा. तिथे ठीक चालला तर भिंतीतली वायर बाद. नवीन ओढायची असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय वायर घ्या, पण तिला दिशा असते. एका टोकाला "Source" आणि दुसऱ्याला "Display" छापलेलं असतं. उलटी ओढली तर काहीच दिसणार नाही आणि भिंत पुन्हा फोडावी लागेल. ओढण्याआधी जमिनीवर पसरून एकदा चालवून बघा.

आयर्विन_पूल

मूळ प्रश्नाकडे येतो. गावभाग, तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचं ग्राफिक्स असेल तर टीव्हीकडे चावी आहे का हे थेट विचारता येतं. उबुंटूसारखं लिनक्स पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून लॅपटॉप सुरू करा, काही इन्स्टॉल करायची गरज नाही. टीव्ही एचडीएमआयने जोडून चित्र आल्यावर टर्मिनलमध्ये आधी हे द्या:

```
cat /sys/class/drm/card*-HDMI-A-*/status
cat /sys/class/drm/card*-HDMI-A-*/edid | wc -c
```

पहिल्या ओळीने connected यायला हवं. दुसरीने टीव्हीची यादी किती बाइटची वाचली गेली ते कळतं. टीव्हीला बहुधा 256 येतात, साध्या मॉनिटरला 128 सुद्धा. 0 आलं तर १५-१६ ची वाट तुटलेली. हे सोल्डरगन यांनी सांगितलेलंच, फक्त आकड्यात.

मग हे:

```
sudo sh -c 'cat /sys/kernel/debug/dri/*/HDMI-A-*/i915_hdcp_sink_capability'
```

यात HDCP version च्या पुढे HDCP1.4, HDCP2.2 किंवा None येतं. तीच ओळ दोनदा आली तर काळजी करू नका. हे इंटेलपुरतंच आहे. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर विंडोजमध्ये त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये "View HDCP status" नावाचं पान असतं, तिथे बघा. मात्र लॅपटॉपचं एचडीएमआय त्याच कार्डाला जोडलेलं हवं.

सोल्डरगन

आयर्विन, ही चाचणी छान आहे, दुकानात ठेवण्यासारखी. एक गोष्ट जोडतो, नाहीतर कुणीतरी उलटा अर्थ काढेल. जुन्या पद्धतीत प्रत्येक टीव्हीला ४० बिटांचा एक ओळख-क्रमांक असतो आणि त्यात बरोबर वीस एक आणि वीस शून्य असावे लागतात. तुमची ही आज्ञा १.४ साठी तो क्रमांक वाचून एवढंच मोजते. बोर्डात चावी भरलेलीच नसेल तर तिथे सगळे शून्य किंवा भलतंच काही निघतं, म्हणून None. पण क्रमांक बरोबर दिसला म्हणजे त्याच्या मागच्या ४० गुप्त चाव्या बरोबर आहेत असं सिद्ध होत नाही. तेव्हा 256 आल्यावर None आलं तर टीव्हीकडे चावी नाही हे पक्कं. HDCP1.4 आलं तरी अदलाबदलीची चाचणी करायचीच.

मिरज_जंक्शन

एवढं कशाला? मध्ये एक स्वस्तातला स्प्लिटर लावला की काही ठिकाणी हा एरर निघून जातो म्हणतात. तो घ्या आणि मॅच बघा.

सोल्डरगन

तो सल्ला इथे नको. कुलूप काढून टाकणारा डबा मध्ये बसवणं म्हणजे संरक्षण चुकवणं, आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ त्यासाठीच आलं आहे. तांत्रिक बाजूनेही तो बेभरवशाचा आहे. नियमाने बनवलेला स्प्लिटर पुढच्या टीव्हीची चावी तपासूनच चित्र देतो, म्हणजे तुमचा एरर तसाच राहतो. शिवाय गावभागदादांनी बोर्डाचे पैसे दिलेत, त्यांना पूर्ण चालणारा बोर्ड मिळायला हवा.

तोवर मॅच बघायला पिवळी वायर आहेच. चित्र एचडी नसेल, पण कायदेशीर आहे आणि चालू आहे. फक्त बॉक्सला ३.५ मिलिमीटरचं एकच गोल भोक असेल तर बॉक्सबरोबर आलेलीच वायर वापरा. बाजारातल्या सगळ्या वायरींच्या कड्यांचा क्रम सारखा नसतो. चुकीच्या वायरीत चित्र लाल पिनेवर निघतं आणि माणूस बॉक्स गेला असं समजतो.

गावभाग_सांगली

सगळ्यांचे आभार. सांगितलेलं सगळं करून बघितलं, उत्तरं अशी.

वाईकरांचा क्रम: टीव्ही आधी, बॉक्स नंतर. फरक नाही, चौकट येतेच. दोन्ही पोर्टवर केलं.

वायर: दुसरी दीड मीटरची लावली. तेच.

शेजारी: हाच बॉक्स, हीच वायर, त्यांच्या टीव्हीवर सगळे एचडी चॅनेल दिसतात.

स्टिक: भाच्याची स्टिक माझ्या टीव्हीला लावली. मेन्यू दिसतो, पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपवर सिनेमा लावला की पडदा काळा, आवाजही नाही.

लिनक्स: connected आलं, 256 आलं, आणि शेवटी None.

कुपवाडकर

मग बॉक्स सुटला. पण एक शंका आहे. वीज पडल्यावर नव्या बोर्डाचं काही बिघडलं नसेल कशावरून? वळीव काय एकदाच येतो?

सोल्डरगन

शंका रास्त आहे. विजेने किंवा जोडताना बसलेल्या झटक्याने पोर्ट जातं तेव्हा ते बहुधा एकेकटं जातं आणि अर्धवट जातं. एका पोर्टवर यादी वाचली जात नाही, किंवा १९ नंबर वर उठत नाही, दुसरं पोर्ट मात्र शाबूत. इथे दोन्ही पोर्ट तंतोतंत सारखे वागतायत, यादी पूर्ण 256 वाचली जातेय, नाही म्हणतेय ती फक्त चावी. या बोर्डांवर दोन्ही पोर्टांना मिळून चावी बहुधा एकच असते, आणि ती सॉफ्टवेअरबरोबर किंवा वेगळी मेमरीत भरावी लागते. मारलेल्या फाइलमध्ये ती नसेल तर सगळी लक्षणं नेमकी अशीच दिसतात.

ज्यांना पोर्टाचाच संशय असेल त्यांनी मीटरने असं बघावं. टीव्हीचा प्लग काढा, सगळ्या वायरी काढा. मीटर डायोडवर ठेवा, लाल टोक बोर्डाच्या ग्राउंडला आणि काळं टोक पोर्टाच्या एकेका पिनेला. आकडा किती असावा हे पाठ करू नका, बोर्डागणिक बदलतो. पोर्ट १ ची १५ आणि पोर्ट २ ची १५, असं शेजारी-शेजारी ताडून बघा. एकीकडे शून्याजवळ आणि दुसरीकडे अर्ध्या व्होल्टच्या पुढे असं दिसलं की संरक्षणाचा डायोड किंवा आतलं आयसी शॉर्ट. पिना फार जवळ असतात, म्हणून चालू बोर्डावर टोक घालायचं नाही. १८ वरचे ५ व्होल्ट शेजारच्या पिनेला लागले तर चांगलं पोर्ट तुमच्याच हाताने जाईल.

गावभाग_सांगली

मग दुकानदाराला नेमकं काय सांगू? तो म्हणेल लॅपटॉप चालतोय, बोर्ड ओके.

सोल्डरगन

भांडू नका, दाखवा. तुमचा बॉक्स आणि वायर दुकानात घेऊन जा. त्यांच्याकडच्या कंपनीच्या कुठल्याही चालू टीव्हीवर बॉक्स लावून चॅनेल दाखवा, मग तुमच्या टीव्हीवर लावा. पाच मिनिटांचं काम.

मागणी अशी करा: बोर्डावर जो नंबर छापलाय, त्याच नंबरासाठी पुरवठादाराकडून एचडीसीपी असलेली फाइल मागवून मारा. नसेल तर चावी भरून आलेला दुसरा बोर्ड बसवा. दुसऱ्या टीव्हीतली चावी उचलून यात भरू म्हणाले तर नाही म्हणा. चावी त्या त्या उपकरणासाठी परवान्याने दिलेली असते.

आणि नवीन फाइल मारण्याआधी सध्याच्या मेमरीची प्रत प्रोग्रामरवर काढून ठेवायला सांगा. फाइल पॅनलच्या रिझोल्यूशनची हवी, तुमच्यासाठी 1366x768. चुकीची बसली तर चित्र उलटं, दुभंगलेलं किंवा निगेटिव्हसारखं दिसतं. ते सॉफ्टवेअरने परत येतं. पण पॅनलच्या व्होल्टचा जंपर कुणी हलवला आणि ५ च्या पॅनलला १२ गेले, तर पॅनलच जातं. फाइल बदलताना जंपरला हात लावायचं कारणच नाही, एवढं लक्षात ठेवा.

तासगाव_द्राक्षबाग

720p केल्यावर मॉनिटरवर चित्र आलं! चॅनेलही दिसतात. पण अधूनमधून एखादा सेकंद काळं होतं.

आयर्विन_पूल

ताई, कधी होतं ते बघा. चॅनेल बदलताना, जाहिरात सुरू होताना होत असेल तर बॉक्स आउटपुट बदलतोय, कुठेतरी "ऑटो" किंवा "नेटिव्ह" राहिलंय. बसल्याजागी, चॅनेल न बदलता होत असेल तर आधी वायर बदला.

गावभाग_सांगली

ताजी खबर. दुकानदाराने आधी नाही-होय केलं, पण दोन्ही टीव्हीवर शेजारी-शेजारी दाखवल्यावर लगेच पटलं. पुरवठादाराकडून दुसरी फाइल मागवून मारली. पहिल्यांदा चित्र डोक्यावर उभं आलं, ते त्याने सर्व्हिस मेन्यूतून सरळ केलं. जंपरला हात लावू दिला नाही. आता लिनक्सवर HDCP1.4 येतंय आणि बॉक्स दोन्ही पोर्टवर चालतोय. स्टिकवर सिनेमाही लागतो.

एक राहिलंय. काल लाईट जाऊन आली तेव्हा पुन्हा तीच चौकट आली. बॉक्सचा प्लग काढून घातल्यावर गेली.

वाईकर

हा आता माझ्यावाला प्रकार. चावी आहे, पण विचारलं तेव्हा टीव्ही झोपला होता. बॉक्सचं बटण टीव्हीच्या बटणापासून वेगळं करा.

कुपवाडकर

वेगळं बटण करून काय होणार, रोज कोण क्रम लक्षात ठेवणार? टीव्ही लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायला हवा. युनिव्हर्सल बोर्डाच्या सर्व्हिस मेन्यूत त्याची सेटिंग असते.

सोल्डरगन

दोघांचंही चालेल. सर्व्हिस मेन्यूत लाईट आल्यावर टीव्हीने काय करायचं, याचे स्टँडबाय, चालू आणि आधी होतं तसं असे पर्याय बऱ्याच बोर्डांवर असतात. "चालू" ठेवलं तर रात्री तीनला लाईट आली की टीव्हीही उठेल, घरात चालणार असेल तर ठेवा. शिवाय टीव्ही चालू व्हायला बॉक्सपेक्षा जास्त वेळ लागला तर सेटिंग असूनही चौकट येऊ शकते. ते तुमच्या दोन यंत्रांच्या जोडीवर आहे, करूनच कळेल. घाईच्या वेळी प्लग काढायची गरज नाही. टीव्ही चालू असताना इनपुट दुसऱ्या पोर्टवर नेऊन परत आणा. बरेच टीव्ही त्यात १९ नंबर खाली-वर करतात आणि बॉक्स नव्याने ओळख विचारतो. तुमचा बोर्ड करतो का ते बघून इथे लिहा, इतरांनाही उपयोगी पडेल.

आणि वळीव अजून संपलेले नाहीत, म्हणून जोडणीचा क्रम सांगतो. केबलची गोल वायर लांबून, दुसऱ्या इमारतीवरून येते. तुमचा टीव्ही आणि बॉक्सचा अडॅप्टर दोन पिनांचे, अर्थिंग नसलेले. अशा यंत्राच्या बॉडीवर डिजिटल मीटरने शंभरच्या आसपास व्होल्ट दिसू शकतात. करंट अगदी थोडा असतो, बोटाला झिणझिण्या येतात तो हाच. पण पोर्टातल्या आयसीला तेवढाही झटका पुरतो. म्हणून एचडीएमआय लावताना आधी दोन्ही प्लग काढा, केबलची गोल वायरही बॉक्समधून काढा. मग एचडीएमआय जोडा, मग गोल वायर, सगळ्यात शेवटी लाईट. गडगडायला लागलं तर प्लग काढून भागत नाही, गोल वायरही काढून ठेवायची.

हळद_पेठ

बॉक्स प्रोजेक्टरपाशी नेऊन लावला, चित्र स्थिर आहे. म्हणजे भिंतीतली वायरच. पण लॅपटॉपच्या चांदण्या घालवायला रिझोल्यूशन कमी करून चालेल का? लग्नसराईत भिंत फोडू देणार नाहीत.

आयर्विन_पूल

लॅपटॉपसाठी 1280x720 करून बघा. वायरीवरचा वेग निम्म्यावर येतो, चांदण्या बहुतेक जातील. बॉक्सचं येणं-जाणं मात्र त्याने थांबेलच असं नाही, १५-१६ चा वेग रिझोल्यूशनवर ठरत नाही. लग्नसराई संपेपर्यंत बॉक्स प्रोजेक्टरपाशीच ठेवा आणि गोल वायर तिथपर्यंत न्या. ती लांब गेली तरी इतकी कुरकुर करत नाही.